तळाची जाळी

सुयश तलावाच्या काठावर उकिडवा बसला, डोळ्यांवर आडवा हात धरून पाण्यात बघत राहिला आणि मग त्याने मान हलवली.

"नाही दिसत, मनोजदादा. जाळी दिसत नाही."

खोल बाजूला तळाशी पाणी ओढून घेणारी एक चौकोनी जाळी होती. सुयश जीवरक्षक. काठावरून ती जाळी स्पष्ट दिसली तरच माणसं पाण्यात सोडायची, हा त्याचा नियम. एखादं पोर तळाशी गेलं आणि पाण्यात दिसलंच नाही, तर शिट्टी फुंकून काय उपयोग?

मनोज 'द्राक्षवेल' हॉटेलचा मालक. गंगापूर रोडला हॉटेल काढून त्याला दोन वर्षं झाली होती. त्याने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि वळून बापाकडे पाहिलं.

बाप, म्हणजे सावळीराम नाना, पंपखोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या धोतराच्या कनवटीला पंपखोलीची किल्ली होती. ती किल्ली झोपतानासुद्धा कनवटीलाच असायची. चंद्रभागाबाई म्हणायच्या, "माझं मंगळसूत्र मी एखादवेळी काढून ठेवीन, पण यांची किल्ली निघायची नाय."

"क्लोरीन बरोबर हाय का?" नानांनी विचारलं.

"बरोबर आहे. सगळं तपासलंय," सुयश म्हणाला. "हिरवंही नाही पडलेलं. पण ताकासारखं दिसतंय."

"ताकासारखं कसं? मठ्ठ्यासारखं म्हण. ताक दाट असतं."

सुयश हसला. मनोज हसला नाही.

"नाना, शनिवारी उन्हाळी पोहण्याचा वर्ग सुरू होतोय. गावातली तीस पोरं येणारेत. त्यांच्या आया काठावर बसून बघणारेत. शनिवारी सकाळी जाळी दिसली नाही, तर वर्ग रद्द. आणि मग पंपखोली मी ठेकेदाराच्या माणसाला देणार. तुम्ही घरी बसा. आता वय झालं तुमचं."

असं म्हणून तो निघून गेला. जाता जाता एवढं सांगून गेला, की दुपारी एक इंजिनिअरबाई तलाव बघायला येणार आहेत.

नाना तिथेच उभे राहिले. वय झालं हे त्यांना मान्य होतं. गुडघ्याने दगा दिल्यावर सायखेड्याची द्राक्षबाग त्यांनी धाकट्या भावाला करायला दिली होती आणि ते पोराबरोबर शहरात आले होते. पण शहरात माणसाने करायचं काय? सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी नातवंडांबरोबर टीव्ही बघणं. अशाने तीन महिन्यांत ते अर्धे झाले होते. मग हॉटेल निघालं, तलाव बांधला, आणि पंप घरघरायला लागला. त्या आवाजाने नाना पुन्हा माणसात आले. पन्नास वर्षं पंपाच्या आवाजावर दिवस मोजलेला माणूस तो. पंपखोली गेली तर मग फक्त पेपर उरतो, आणि तोही मनोज आधी वाचतो.

त्यात आणखी एक गोष्ट होती. त्या खोलीतला फिल्टर नानांनीच आणला होता. बागेला ठिबक होतं, आणि ठिबकाला वाळूचा फिल्टर लागतोच. बाग मोठी होती तेव्हा अशा दोन टाक्यांची जोडी होती. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा एक टाकी नानांकडे आली, एक धाकट्या निवृत्तीकडे गेली. नानांची टाकी हॉटेलात आली. तिच्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं, ताशी चाळीस हजार लिटर. तलाव बांधणारा म्हणाला होता, "ताशी चाळीस हजार लिटर फिरलं की झालं." नाना म्हणाले होते, "मग माझी टाकी बसव. उगाच नवी कशाला?" आणि टाकी बसली होती.

पाहुणे थोडे होते तोवर पाणी ठीक होतं; आता उन्हाळ्याची गर्दी वाढल्यावर ते मठ्ठ्यासारखं का झालं, ते काही त्यांना उमगेना.

*

दुपारी इंजिनिअरबाई आली ती स्कूटरवर. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पाठीला पिशवी. ओढणी सोडल्यावर कळलं, की वय असेल पंचवीस-सव्वीस.

"मी निकिता. नाशिक रोडवरून आले. नाना तुम्हीच ना? मनोजसर म्हणाले, पंपखोलीत जायचं तर किल्लीवाल्यांना विचारा."

"किल्लीवाले" हे ऐकून नाना थोडे ताठ झाले.

"या ताई. पण आधी सांगतो, माझ्या फिल्टरात काय बी खोट नाय. पट्टी बघा. चाळीस हजार."

"बघूया," निकिता म्हणाली. "आधी तलाव मोजू."

तिने फीत काढली. एक टोक नानांच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ती चालत गेली. लांबी पंधरा मीटर, रुंदी आठ. उथळ बाजूला खोली एक मीटर, खोल बाजूला एक मीटर साठ, आणि मधे सरळ उतार. म्हणजे सरासरी खोली एक मीटर तीस. तिने मोबाइलवर गुणाकार केला.

"एकशे छप्पन्न घनमीटर. म्हणजे एक लाख छप्पन्न हजार लिटर."

"तेवढंच असणार. सहा हजाराचे टँकर सव्वीस-सत्तावीस लागले असते."

"हॉटेलच्या तलावात गर्दी असते, म्हणून सगळं पाणी फिल्टरमधून एकदा फिरायला चार तास धरतात. याला फेरी म्हणूया. एक लाख छप्पन्न हजार भागिले चार..."

"एकोणचाळीस हजार," नाना चटकन म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "आणि माझा फिल्टर चाळीस हजाराचा! झालं की नाय? उलट हजार उरतात!"

"पंप किती पाणी देतो?"

"ते मला विचारू नका, ड्रमाला विचारा." नानांनी पंपखोलीच्या कोपऱ्यातला दोनशे लिटरचा ड्रम पुढे ओढला. फिल्टर धुतल्यावर जिथून घाण पाणी बाहेर सोडतात, त्या पाइपाखाली त्यांनी तो ठेवला, पंप चालू केला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. ड्रम भरून वाहायला लागला. "अठरा सेकंद. पन्नास वर्षांत माझा ड्रम खोटं बोललेला नाय."

निकिताने हिशेब केला. दोनशे लिटर अठरा सेकंदांत, म्हणजे ताशी चाळीस हजार. तिने पिशवीतून पाइपाला बाहेरून लावायचं मीटर काढून फिल्टरच्या पाइपाला लावलं. आकडा चाळीस हजाराच्या जरा खाली थांबला.

"ड्रम हुशार आहे, नाना."

"मग? आता मनोजला फोन करा आणि सांगा."

"थांबा. अजून टाकी मोजायची आहे."

"टाकीत काय मोजायचंय? पट्टीवर लिहिलंय की!"

तिने फीत टाकीभोवती गुंडाळली, आकडा वाचला आणि मोबाइलवर हिशेब केला. मग पायरीवर बसली आणि नानांनाही बसायला सांगितलं. डॉक्टर असं बसायला सांगतो तेव्हा काहीतरी निघालेलं असतं, हे नानांना ठाऊक होतं. ते बसले.

"नाना, ठिबकाला फिल्टर कशासाठी लागतो?"

"ठिबकाच्या भोकात कचरा अडकू नये म्हणून."

"बारीक गाळ गेला तर?"

"गेला तर गेला. वेलीला काय? ती पिऊन टाकते."

"वेल तक्रार करत नाही. तलावातला माणूस करतो. त्याला डोळ्याला न दिसणारी धूळ, घाम, तेल, सगळं काढलेलं पाणी लागतं. आता तुमच्या टाकीत वाळूचा जो गोल आहे, वरून बघितला तर त्याचं तोंड अर्ध्या चौरस मीटरपेक्षा थोडं मोठं. पासष्ट शतांश म्हणा. त्या तोंडातून तुम्ही ताशी चाळीस हजार लिटर ढकलताय. पाणी वाळूतून तासाला साठ मीटरच्या वर वेगाने पळतंय. ठिबकाला चालतं तेवढं. म्हणून पट्टी खोटी नाही. पण तलावाला तीस मीटरच्या वर नको. बारीक घाण वाळूला चिकटायच्या आधीच पाणी तिला पुढे ओढून नेतं. तीच घाण पुन्हा तलावात येते."

नानांनी पट्टीकडे पाहिलं.

"मग या टाकीतून किती जावं?"

"वीस हजाराला थोडं कमी."

"म्हणजे फेरी..." नानांनी ओठातल्या ओठात भागाकार केला. "आठ तास?"

"आठ तास."

"ते जमत नसेल तर मोठा पंप टाकू. निवृत्तीकडे दहा एचपीचा पडलाय."

"मोठा पंप टाकला तर पाणी आणखी जोरात पळेल. उलट आणखी गढूळ होईल."

आता हे मात्र नानांच्या डोक्यात शिरेना. जास्त पाणी फिरवलं तर पाणी घाण होतं? कमी फिरवलं तर साफ होतं? पन्नास वर्षं बोअरवेलपासून विहिरीपर्यंत ते एकच शिकले होते, की पंपात जोर असेल तर सगळ्या प्रश्नांना उत्तर मिळतं.

निकिताने आणखी विचारलं, "पंप किती वेळ चालतो?"

"सकाळी सहाला चालू, दहाला बंद. चार तासांत फेरी होते ना? फेरी झाली की काम झालं. पंपालाही इसावा नको का? आणि बागेत आमची तशीच सवय. लाइट पाळीने येते. आली की चालू, भरलं की बंद."

निकिताने कपाळाला हात लावला. मग हसली.

"नाना, फेरी झाली म्हणजे सगळं पाणी गाळलं जात नाही."

"मग काय होतं?"

"दाखवते. घरी रस आहे का? रंगीत काही?"

*

नानांचं घर हॉटेलच्या मागेच होतं. चंद्रभागाबाईंनी त्या दिवशी काळ्या द्राक्षांचा रस काढून पातेल्यात ठेवला होता. निकिताने त्यातले मोजून दहा ग्लास दुसऱ्या पातेल्यात घ्यायला सांगितले आणि शेजारी साध्या पाण्याची बादली ठेवायला लावली.

"माझा रस कशाला नासवता ग बाई?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"नासणार नाही आजी, पातळ होईल फक्त. हे पातेलं म्हणजे तलाव. हा रस म्हणजे घाण."

"अगं, माझ्या रसाला घाण म्हणतेस?"

"चुकलं. हा रस म्हणजे पाहुण्यांचा घाम."

"ते तर आणखी वाईट!"

तिघंही हसली. मग निकिताने नानांना ग्लास दिला. एक ग्लास पातेल्यातून काढायचा, बाजूच्या हंड्यात ओतायचा, आणि एक ग्लास साधं पाणी पातेल्यात घालून ढवळायचं. फिल्टर तेच करतो, घाण पाणी घेतो आणि साफ पाणी देतो. पण साफ पाणी लगेच तलावात मिसळतं, वेगळं उभं राहत नाही.

नाना काढत गेले, घालत गेले. दहा ग्लास झाले.

"झाली एक फेरी," निकिता म्हणाली. "दहा ग्लासांचं पातेलं, दहा ग्लास बाहेर काढले. पातेलं रिकामं झालं का?"

पातेल्यात रंग होता. काळपट जांभळ्याचा आता गुलाबी झाला होता, पण होता.

चंद्रभागाबाईंनी चमच्याने चव घेतली. "हा पाहुण्यांना द्यायचा रस झाला. आपल्याला नको."

"अजून तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त रस आहे यात," निकिता म्हणाली. "आणखी दहा ग्लास काढले की सातव्या-आठव्या हिश्श्यावर येईल. तिसऱ्या फेरीनंतर विसावा हिस्सा. पण गंमत अशी, की तोवर रविवारची पोरं पाण्यात उड्या मारून नवा रस ओतत असतात. तुमचा पंप सकाळी एक फेरी मारून झोपतो आणि घाण दिवसभर येत राहते. पंप दिवसभर चालला पाहिजे, रात्रीही."

 नानांनी पातेल्यातून हळूच एक ग्लास भरून घेतला आणि पिऊन टाकला.

"म्हणजे चुकलो मी," ते म्हणाले. "दोन्हीकडून चुकलो."

"एक चाचणी करायची का? पंप बंद करायचाच नाही, पण झडप अर्धी आवळायची, ताशी वीस हजार होईल इतकी. उद्या सकाळी तलावात येणाऱ्या नळापाशी काचेचा ग्लास भरा आणि उजेडात धरून बघा."

"पाणी कमी केल्यावर साफ होणार?"

"बघा तर खरं."

नानांनी झडप अर्धी आवळून रात्रभर पंप चालू ठेवला. सकाळी उठून दोन ग्लास आणले. एक तलावाच्या मधल्या पाण्याचा, एक नळापाशी भरलेला. खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. नळाचा ग्लास पूर्ण नितळ नव्हता, पण दुसऱ्यापेक्षा नक्कीच नितळ होता. चंद्रभागाबाईंना डोळ्यांचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. तलावाच्या ग्लासापलीकडचं कॅलेंडर त्यांना वाचता येईना, आणि नळाच्या ग्लासातून त्यांनी तारीख सांगितली.

नानांनी निकिताला फोन लावला.

"पोरी, तुझं खरं. आता बोल, करायचं काय? आठ तासांच्या फेरीने तीस पोरांचं पाणी राखता येईल का?"

"नाही येणार. घाण येण्याचा वेग जास्त आहे. वाळूचं तोंड दुप्पट पाहिजे. नवी मोठी टाकी मागवली तर दहा-बारा दिवस लागतील. शनिवार हातातून जाईल." ती थांबली. "किंवा अशीच आणखी एक टाकी मिळाली, शेजारी बसवली, तर दोन तोंडं मिळून जवळजवळ एकोणचाळीस हजार होतात. तुमचा पंप बरोबर तेवढंच देतो. अशी टाकी कुठे आहे का?"

नानांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"नाना? ऐकताय ना?"

"ऐकतोय," नाना म्हणाले. "टाकी हाय. सायखेड्याला हाय. पण ती मागायची म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"ती मागायची म्हणजे तोंड लहान करावं लागेल. आणि ते टाकीचं नाय, माझं."

*

गोष्ट अशी होती. टाकीची जोडी वाटली तेव्हा धाकटा निवृत्ती म्हणाला होता, "दादा, ही जोडी आहे, मोडू नको. एक टाकी पुरायची नाय." आणि नाना सगळ्या भावकीसमोर म्हणाले होते, "माझी एक टाकी दोन टाक्यांच्या बरोबरीची आहे." निवृत्ती हे विसरणारा माणूस नव्हता. तो कुठल्या लग्नात कोणाच्या पंगतीत मीठ कमी पडलं तेही सांगायचा.

नाना मंगळवारी सकाळच्या एसटीने सायखेड्याला गेले. निवृत्ती गोठ्यापाशीच भेटला. ठिबकाला त्याने आता चकत्यांचा नवा फिल्टर बसवला होता, आणि जुनी टाकी गोठ्याच्या कडेला आडवी पडली होती. तिच्यावर तो पाय सोडून बसला होता आणि म्हशीला पेंड भरवत होता.

"अरे, दादा! शहराने सोडलं का धरलं?"

"धरलं. चहा आहे का?"

"आहे. काय काम काढलं?"

"काम कशाला पाहिजे? भावाकडे येऊ नये का?"

"ये की. पण मंगळवारी, एसटीने, गुडघा धरून? तू कामाशिवाय पायरी चढत नाहीस."

नाना चहा अर्धा प्यायले. मग टाकीकडे बघत म्हणाले, "ही टाकी अशीच पडून हाय का?"

"पडून कुठे? बसायला आहे. माझं सिंहासन हे. का?"

"जरा..." नानांनी उरलेला चहा एका घोटात संपवला, "जरा पाहिजे होती."

निवृत्ती खाली उतरला. हातातली पेंड झटकली. मग गोठ्यापलीकडे ओरडला, "अगं ए! बाहेर ये! दादा म्हणतोय, एक टाकी पुरत नाय!"

घरातून त्याची बायको बाहेर आली, शेजारचे दोघे कुंपणापाशी आले. निवृत्तीने जुनी सगळी कथा पुन्हा सांगितली, मधे नानांचा आवाजही काढला. नाना हसू दाबून उभे राहिले. मनात ठरवूनच आले होते, की शनिवारी किल्ली कनवटीला पाहिजे असेल तर आज हे ऐकावं लागेल.

"झालं का?" सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं.

"झालं. आता सांग, मोठ्याने सांग. काय म्हणायचं आहे?"

नानांनी घसा खाकरला. "निवृत्ती, तू म्हणालास ते खरं. एका बैलावर दोन बैलांचं औत चालत नाय. जोडी मोडायला नको होती."

निवृत्तीचा चेहरा एकदम मऊ पडला. त्याला चेष्टेची तयारी होती, याची नव्हती.

"अरे, घेऊन जा दादा. मी आताच टेम्पो सांगतो. आणि मी पण येतो. तुझ्याने टाकी उतरवली जाणार आहे का?"

*

बुधवारी पंपखोलीत तिघं जमली. निकिताने दोन्ही टाक्या उघडल्या. ठिबकाची वाळू जाड होती, आणि तलावाला बारीक वाळू लागते. जाड वाळू बाहेर काढून तळात बारीक खडीचा थर आणि त्यावर धुतलेली बारीक वाळू भरायची, असं ठरलं. पाण्यातलं क्लोरीन टाकीच्या आतला लेप हळूहळू खातं, म्हणून दोन वर्षांत फायबरची टाकी घ्यावीच लागेल, असं तिने मनोजलाही आधीच सांगून ठेवलं.

निवृत्ती आणि नाना वाळूच्या गोणी उचलत होते आणि भांडत होते.

"दादा, तुझी टाकी दोन बोटं उंच बसलीय."

"माझी नाय, तुझी खाली बसलीय."

"भावांनो, दोन्हींना सारखं पाणी मिळायला हवं," निकिता म्हणाली. "पाइपाचा फाटा मधोमध घ्या. एकीला जवळ, एकीला लांब नको. नाहीतर जवळचीच सगळं पिऊन टाकेल."

"म्हणजे आईची मांडी," चंद्रभागाबाई दारातून म्हणाल्या. "दोघांना सारखी."

संध्याकाळी फाटा जोडून झाला. दोन्ही टाक्यांवर दाबाचे दोन काटे बसवले. आधी आवळलेली झडप सोडून पंप चालू केला. दोन्ही काटे बरोबर एकाच आकड्यावर उभे राहिले, आणि निवृत्तीने मांडीवर थाप मारली.

"बघ, वाटण्या झाल्या तरी जोडी ती जोडीच!"

निकिताने शेवटचं सांगितलं. दाब चढला की फिल्टर उलट्या पाण्याने धुवायचा, पण एका वेळी एकच टाकी, आणि धुण्याची झडप पूर्ण उघडायची नाही. "तुम्ही बागेत पूर्ण उघडता ना? इथे तसं केलंत तर बारीक वाळू गटारात जाईल."

"जाईल कशी? मी काय असा..." नाना म्हणाले, आणि पहिल्याच वेळी सवयीने झडप पूर्ण उघडली. बाहेरच्या पाइपातून पाण्याबरोबर वाळू वाहायला लागली. निवृत्ती ओरडला, "दादा, आपली सोन्याची वाळू!" नानांनी घाईघाईने झडप आवळली आणि कान धरले. पुढच्या वेळी अर्धीच उघडली.

गुरुवारी जाळी दिसली नाही. पण पाण्याचा रंग मठ्ठ्यावरून फिकट झाला होता. शुक्रवारी सकाळी खोल बाजूला तळाशी एक चौकोनी सावली दिसायला लागली. नाना दिवसभर काठावर येऊन बसत होते आणि ती सावली दिसते की नाही हे पाहत होते. निवृत्ती म्हणाला, "सतत बघून पाणी साफ होतं का? ये, पत्ते खेळू." ते खेळले, पण नानांच्या लक्षात पानं राहत नव्हती. रात्री पंप चालूच राहिला. नाना अंथरुणात पडून तो आवाज ऐकत होते. पन्नास वर्षांत आवाज बंद झाला की त्यांना झोप लागायची. आज चालू राहिल्यावर लागली.

*

शनिवारी सकाळी पोरं आली. टोप्या, चष्मे, दंडाला फुगवलेले पट्टे, त्यांच्या आया. मनोज काठावर उभा होता. नाना थोडे मागे, निवृत्ती त्यांच्या बाजूला. निकिताही आली होती, स्कूटर लावून, ओढणी तशीच डोक्याला.

सुयश उकिडवा बसला. डोळ्यांवर आडवा हात धरला. बघितलं. मग उठला आणि शिट्टी गळ्यात अडकवली.

"काय रे?" मनोजने विचारलं.

"तुम्हीच बघा दादा. मी सांगण्याची गरजच नाही."

मनोज वाकला. पाण्याखाली निळ्या फरश्यांच्या रेघा ओळीने दिसत होत्या, आणि खोल बाजूला जाळी इतकी स्वच्छ दिसत होती, की हात घालून काढून घ्यावी. चंद्रभागाबाईही पुढे आल्या, चष्मा न लावता.

"पट्ट्या आठ आहेत जाळीला," त्या म्हणाल्या.

"आठच आहेत आजी," सुयश म्हणाला.

मनोज वळून बापाकडे आला.  तेवढ्यात निकितानेच सांगितलं, "मनोजसर, आता पंप दिवसरात्र चालणार. त्याचा आवाज बदलला तर कळणारा माणूस इथे हवा. दाब बघायचा, टाक्या धुवायच्या, धुताना झडप अर्धी राखायची. ठेकेदाराचा माणूस आठवड्यातून दोनदा येईल. तेवढ्याने भागायचं नाही."

"मग कोण?" मनोज म्हणाला, पण तो आता हसत होता.

"मी काय बोलू?" नाना म्हणाले. "माझं वय झालंय."

"नाना, पुरे," मनोज म्हणाला. "किल्ली तुमच्याकडेच ठेवा. पण एक अट. पुढच्या वेळी पट्टी वाचून झाली की तोंडही मोजायचं."

सुयशने शिट्टी फुंकली. तीस पोरांनी एकदम उड्या मारल्या आणि तलावात धुमाकूळ सुरू झाला. नाना त्या पाण्याकडे बघत होते, आणि त्यांना रसाचं पातेलं आठवलं. ओता, बाबांनो, ओता. आम्ही काढतो.

ते पंपखोलीकडे वळले. आत आधीच निवृत्ती बसला होता. घरून त्याने प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती, आणि ती दोन टाक्यांच्या बरोबर मधे ठेवली होती.

"हे काय?" नाना म्हणाले.

"अर्धी खोली माझी. एक टाकी माझी आहे ना?"

"आणि बाग कोण बघणार?"

"बागेला पोरं हायेत. वेलींची उन्हाळी खरडछाटणी झाली, आता जरा फुरसत. आठवड्यातून दोन दिवस येईन. वाटलं तर तुझ्याबरोबर पत्ते खेळीन."

नानांनी त्याच्याकडे बघितलं, मग दोन काट्यांकडे. दोन्ही एकाच आकड्यावर उभे होते. त्यांनी कनवटीत हात घातला, किल्ली काढली, थोडा विचार केला, आणि परत ठेवली.

"हिची दुसरी करून देतो," ते म्हणाले. "पण झडप मीच उघडणार."

"अर्धीच," निवृत्ती म्हणाला.

"अर्धीच," नाना म्हणाले, आणि पंपाच्या आवाजात बाहेरच्या पोरांचा आवाज मिसळत राहिला.